काळ्या मातीतलं फॉस्फटेज: पिवळा रंग, थांबवलेलं घड्याळ आणि एककांचा हिशेब

मागच्या भागात आपण विकर म्हणजे एन्झाइम कसं काम करतं ते पाहिलं. आज एकच विकर घेऊ, अल्कधर्मी फॉस्फटेज, आणि तेही आपल्या नगर जिल्ह्यातल्या मातीतलं. राहुरी, श्रीरामपूर, नेवासा या पट्ट्यातली काळी, चुनखडीयुक्त जमीन आठवा. तिचा सामू बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास किंवा वर असतो. अशा जमिनीत स्फुरदाचा बराच भाग सेंद्रिय रूपात अडकलेला असतो आणि तो पिकाला तसाच घेता येत नाही. सूक्ष्मजीवांनी सोडलेलं फॉस्फटेज हे बंध तोडतं. अल्कधर्मी मातीत ही कामगिरी मुख्यतः अल्कधर्मी फॉस्फटेजची, म्हणून ते मोजायचं.

पण मातीतलं विकर काढून वजन करता येत नाही. त्याला काम द्यायचं आणि काम किती झालं ते मोजायचं, एवढंच हातात आहे. काम म्हणून देतो पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट. हा पदार्थ रंगहीन असतो. विकराने त्यातला फॉस्फेट तोडला की उरतं पॅरा-नायट्रोफिनॉल, आणि ते अल्कधर्मी द्रावणात गर्द पिवळं दिसतं. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या तबाताबाई आणि ब्रेम्नर यांनी १९६९ मध्ये मातीसाठी ही पद्धत बसवली. १९७७ मध्ये ऐवाझी आणि तबाताबाई यांनी तीच अल्कधर्मी फॉस्फटेजसाठी वापरली. कृती आजही जवळजवळ तीच आहे.

एक ग्रॅम माती फ्लास्कमध्ये घ्यायची. सूक्ष्मजीव नव्याने वाढू नयेत म्हणून ०.२ मिलिलिटर टोल्यूइन घालायचं. मग सामू ११ चं बफर ४ मिलिलिटर आणि ०.०५ मोलर सबस्ट्रेट १ मिलिलिटर. हलवून, बूच लावून, ३७ अंशांवर बरोबर एक तास ठेवायचं. तास संपला की ०.५ मोलर कॅल्शियम क्लोराइड १ मिलिलिटर आणि ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ४ मिलिलिटर घालून गाळायचं.

या शेवटच्या पायरीवर आपण जरा थांबू, कारण गोंधळ इथेच होतो. आम्ल फॉस्फटेज मोजताना सोडियम हायड्रॉक्साइड घातल्याशिवाय रंगच येत नाही, त्यामुळे ते कुणी विसरत नाही. आपल्या मोजणीत मात्र बफरच ११ सामूचं, म्हणजे फ्लास्क आधीपासून पिवळा. मग वाटतं, रंग तर आला, आता अल्कली कशाला? अल्कली हवी ती घड्याळ थांबवायला. ११ सामू हा या विकराच्या आवडीचाच आहे. त्याला थांबवायला सामू तेराच्या पुढे न्यावा लागतो, तिथे त्याची रचना मोडते. न थांबवता गाळायला ठेवलं, तर काळी माती गाळणीतून सावकाश उतरते आणि तेवढा वेळ विकर काम करतच राहतं. गाळायला पंधरा मिनिटं लागली की साठ मिनिटांच्या हिशेबात पंचवीस टक्क्यांपर्यंत भर पडते. त्यातही जी माती जास्त चिकण, तिची भर जास्त. म्हणजे दोन शेतांची तुलना करायला गेलो आणि प्रत्यक्षात गाळणीचा वेग मोजून आलो!

आणि कॅल्शियम क्लोराइड? प्रवरेच्या कालव्याखालच्या चोपण जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे लगेच पटेल. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही. आपण तिथे जिप्सम टाकतो, म्हणजे कॅल्शियम देतो, आणि कण पुन्हा एकत्र येतात. फ्लास्कमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड ओतणं म्हणजे काही क्षणांत चोपण जमीन तयार करणंच आहे. कॅल्शियम नसेल तर गाळलेलं पाणी गढूळ राहतं, शिवाय ह्यूमसचा तपकिरी रंग बाहेर येतो, आणि यंत्र हे सगळं पिवळ्यात धरतं. गढूळपणा ओळखायची सोपी युक्ती: तोच नमुना ६०० नॅनोमीटरवर वाचा. पॅरा-नायट्रोफिनॉल तिथे प्रकाश शोषत नाही. आकडा शून्याजवळ नसेल तर पुन्हा गाळा.

सोबत एक नियंत्रण नमुना लागतो. त्यात माती, बफर, टोल्यूइन सगळं तसंच, एक तासही तसाच. फक्त सबस्ट्रेट शेवटी, अल्कली घातल्यानंतर. त्याचं वाचन मातीचा स्वतःचा रंग आणि सबस्ट्रेटमध्ये आधीच सुटलेला पिवळा अंश सांगतं. तेच वाचन अचानक वाढलं तर मातीवर संशय घेण्याआधी सबस्ट्रेटची बाटली पाहा. जुनं झालं की ते आपोआप पिवळसर पडतं.

आता हिशेब. प्रकाशशोषणाचा नियम सगळ्यांना माहीत आहे:

A = ε × c × l

अल्कधर्मी द्रावणात ४०५ नॅनोमीटरवर पॅरा-नायट्रोफिनॉलचा ε, म्हणजे मोलर शोषण गुणांक, साधारण १८,००० ते १८,५०० धरतात. आपण १८,५०० घेऊ, पण आपल्या यंत्रावर तपासून. १३९ मिलिग्रॅम पॅरा-नायट्रोफिनॉल एक लिटर पाण्यात म्हणजे १ मिलिमोलर. त्यातलं १ मिलिलिटर घेऊन ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने ५० मिलिलिटर करा. हे झालं २० मायक्रोमोलर, आणि एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये त्याचं वाचन ०.३७ च्या जवळ यायला हवं. नुसत्या पाण्यात केलंत तर कमी येईल, कारण सामू सातच्या आसपास निम्मे रेणू फिकेच राहतात. (छोट्या खणांची प्लेट वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तिथे l एक सेंटिमीटर नसतो.)

एक उदाहरण घेऊ. गाळलेलं द्रावण फार गडद निघालं, म्हणून नमुना आणि नियंत्रण दोन्ही पाचपट पातळ केले. नमुन्याचं वाचन ०.४२, नियंत्रणाचं ०.०५. फरक ०.३७. भागिले १८,५००, म्हणजे ०.००००२ मोलर, म्हणजेच दर मिलिलिटरला ०.०२ मायक्रोमोल. पाचपट केल्यावर ०.१. आता द्रावण किती? ४ + १ + १ + ४ = १० मिलिलिटर. टोल्यूइन पाण्यात मिसळत नाही, म्हणून ते धरलं नाही. एकूण १ मायक्रोमोल.

विकराचं एक एकक म्हणजे मिनिटाला १ मायक्रोमोल. आपल्याला साठ मिनिटं लागली, तेव्हा १ भागिले ६०, म्हणजे ग्रॅममागे सुमारे ०.०१७ एकक, किंवा १७ मिलिएकक. मृदाशास्त्राच्या लेखांत मात्र तासाला किती मायक्रोग्रॅम असं लिहितात. तिथे हेच १३९ होईल. आकडे वेगळे दिसले तरी विकर तेवढंच आहे. आणखी एक दुरुस्ती बाकी आहे. हवेत वाळवलेली काळी मातीही पाणी धरून असते. आपल्या नमुन्यात ते ८ टक्के निघालं, तर खरी कोरडी माती ०.९२ ग्रॅम, आणि उत्तर १८ मिलिएकक.

हिशेबात सरळ ६० ने भागलं, म्हणजे वेग तासभर सारखाच होता असं धरलं. ते खरं आहे का, हे एकदा पाहायला हवं. तीच माती ३० मिनिटं आणि ६० मिनिटं ठेवा. दुसरं उत्तर पहिल्याच्या दुप्पट यायला हवं. दीडपटच आलं, तर सबस्ट्रेट कमी पडतंय किंवा विकर थकतंय. मग माती किंवा वेळ कमी करायची.

राहिला प्रश्न नेहमी विचारला जाणारा: या आकड्यावरून सुपर फॉस्फेटची मात्रा ठरवता येईल का? नाही. शेतात सामू ११ नसतो, सगळीकडे भरपूर सबस्ट्रेट नसतं, आणि सुटलेला स्फुरद आपल्या जमिनीतली चुनखडी पुन्हा पकडून ठेवते. खताची मात्रा उपलब्ध स्फुरदाच्या वेगळ्या परीक्षणावरूनच ठरते. १८ मिलिएकक सांगतात ते इतकंच, की ३७ अंशांवर, सामू ११ ला, पोटभर सबस्ट्रेट दिल्यावर या मातीतलं विकर किती वेगाने चालू शकतं. शेणखत घातलेला आणि न घातलेला असे शेजारशेजारचे दोन वाफे एकाच दिवशी, एकाच पद्धतीने मोजले, तर त्यांची तुलना मात्र या आकड्यावर करता येते.