सूर जुळले, की जुळवून घेतले?

ओळख होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले असतात. आपण खुर्चीत मागे रेललो, की समोरची व्यक्तीही रेलते. आपला हात हनुवटीकडे गेला, की थोड्याच वेळात तिचाही जातो. 'अगदी माझ्या मनातले बोललात' हे वाक्य दिवसातून दोनदा कानी पडते. आपल्याला गडकोटांची आवड आहे हे कळल्यावर तर पुढच्याच शनिवारी ट्रेकिंगचे नवे बूट खरेदी झालेले असतात. ही व्यक्ती आपल्याकडे आकर्षित झाली आहे, की हा केवळ मनमिळाऊपणा आहे? हावभाव, मते आणि छंद या तिन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या, तर याचे उत्तर हमखास चुकते. कारण तिन्हींचे अनुकरण वेगवेगळ्या कारणांनी होते.

हावभावांचे अनुकरण बहुतेक वेळा नकळत होते. न्यूयॉर्क विद्यापीठातील तान्या चार्ट्रंड आणि जॉन बार्ग यांनी १९९९मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना एका अनोळखी व्यक्तीसोबत छायाचित्रांचे वर्णन करायला बसवण्यात आले. ती व्यक्ती प्रत्यक्षात संशोधकांचीच सहकारी होती. एक सहकारी सतत चेहऱ्यावर हात फिरवी, तर दुसरी पाय हलवी. पहिलीसोबत असताना विद्यार्थ्यांचे हात अधिक वेळा चेहऱ्याकडे गेले, दुसरीसोबत पाय अधिक हलले. यातला कुणी कुणाच्या प्रेमात नव्हता. एकमेकांची ओळखही नव्हती. पुढच्या प्रयोगात सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची मुद्दाम नक्कल केली, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांना नऊपैकी सरासरी ६.६२ इतकी पसंती दिली. नक्कल न झालेल्यांच्या गटात हीच पसंती ५.९१ होती. फरक आहे, पण तो गप्पा थोड्या रंगण्याइतपत. शरीराची ही सवय संशोधकांनी सरड्याच्या नावाने ओळखली. तिचे काम माणसांना जोडणे हे आहे. प्रेम हा त्या जोडणीचा एक प्रकार झाला.

आकर्षणाचा तिच्याशी काहीच संबंध नाही, असे मात्र नाही. नेदरलँड्समध्ये योहान कारेमन्स आणि त्यांच्या सहकारी संशोधकाने २००८मध्ये दाखवून दिले, की आकर्षक भिन्नलिंगी व्यक्तीसमोर बसल्यावर आधीच कुणाशी नाते असलेले लोक तिच्या हालचालींचे अनुकरण कमी करतात. आपल्या जोडीदाराशी जितकी जवळीक अधिक, तितके अनुकरण कमी. म्हणजे मन गुंतलेले असेल, तर शरीरही नकळत हात आखडता घेते. परंतु याचा व्यत्यास खरा धरता येत नाही. अनुकरण वाढण्यास इतर कारणेही पुरतात. त्यांतले एक फार साधे आहे : एकटे पडणे. चेंडू एकमेकांकडे टाकण्याच्या संगणकीय खेळात ज्यांना मुद्दाम वगळण्यात आले, त्यांनी नंतर भेटलेल्या अनोळखी व्यक्तीचे अनुकरण अधिक केले, असे जेसिका लेकिन आणि सहकाऱ्यांना २००८मध्ये आढळले. नव्या गावात, नव्या कार्यालयात आलेला माणूस असाच वागतो.

मतांची गोष्ट निराळी. मत बदलायला जाणीव लागते, थोडा हिशेबही लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड जोन्स यांनी १९६४मध्ये मर्जी संपादन करण्याच्या तंत्रांवर पुस्तकच लिहिले आणि मताला मत मिळवणे हे त्यांतले एक प्रमुख तंत्र मानले. आपल्याकडे त्याला 'री ओढणे' असा नेमका शब्द आहे. ज्याच्या हाती आपला पगारवाढीचा कागद आहे, त्याची री ओढण्यात ओढ नसते.

पण ओढीनेही मते वाकतात. प्रिन्स्टन विद्यापीठात मार्क झॅना आणि सुसान पॅक यांनी १९७५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थिनींना एका तरुणाची माहिती देण्यात आली. काहींना तो उंच, वरच्या वर्गातला, मोटार असलेला आणि प्रेयसी नसलेला आहे असे सांगितले. इतरांना बुटका, मोटार नसलेला आणि प्रेयसी असलेला. स्त्रियांनी कसे वागावे याविषयीची त्याची मतेही कळवण्यात आली. तरुण हवासा वाटेल असा होता, तेव्हा विद्यार्थिनींनी स्वतःचे वर्णन त्याच्या मतांकडे झुकवले. नकोसा होता, तेव्हा तसे फारसे घडले नाही.

छंदांच्या बाबतीत याहून जवळचा पुरावा मिळतो. एरिका स्लॉटर आणि वेंडी गार्डनर यांच्या २००९च्या अभ्यासात एकाच व्यक्तीची माहिती काहींना जोडीदार शोधणाऱ्या संकेतस्थळावरील म्हणून, तर इतरांना नोकरी शोधणाऱ्याची म्हणून दाखवण्यात आली. पहिल्या गटातील लोक त्या व्यक्तीचे गुण आपल्यातही असल्याचे सांगू लागले. व्यक्ती तीच, गुण तेच. बदलला तो फक्त हेतू. यात लबाडी असतेच असे नाही. हवेहवेसे वाटणारे माणूस जसे आहे, तसे आपणही थोडे आहोत, असे मनाला खरोखरच वाटू लागते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बँकेच्या पुण्यातील शाखेत बदलून आलेला एक अधिकारी आपल्या सहकारी अधिकारी महिलेप्रमाणेच बिनसाखरेचा चहा घेऊ लागतो, प्रायोगिक नाटकांवर तिच्यासारखेच बोलतो आणि राजगडाचा बेत आखतो. बसण्या-उठण्यातील साम्य तिने सोडूनच द्यावे. नव्या शाखेत आलेल्या माणसाकडून ते अपेक्षितच आहे. पाहावे ते हे, की तो इतरांशी कसा आहे. शाखाप्रमुखांसमोर तो क्रिकेटवेडा आणि रोखपालाशी बोलताना भजनप्रेमी होत असेल, तर ही त्याची सर्वांशी जुळवून घेण्याची रीत झाली. परिस्थितीनुसार स्वतःला ढाळणाऱ्या अशा व्यक्तींचे वर्णन मार्क स्नायडर यांनी १९७४मध्येच केले होते. दुसरे असे, की एखाद्या नाटकाबद्दल तिने स्वतःचे मत सांगण्याआधी त्याला विचारावे. 'तुम्हाला कसे वाटले?' असा प्रतिप्रश्न दरवेळी येत असेल, तर त्याच्याजवळ मत नाही, केवळ प्रतिध्वनी आहे. तो अडखळत का होईना, स्वतःचे काही सांगत असेल आणि ते तिच्या मताशी न जुळणारे असले तरी गप्पा चालू ठेवत असेल, तर रस खरा आहे.

आणि राजगड? बूट घेणे सोपे. ती येणार नाही हे कळल्यावरही तो गेला, तर गडाची गोडी लागली. बेत रद्द करून तिच्या सवडीचा रविवार विचारला, तर ओढ गडाची नव्हती. इतर कुणाला न विचारता तिच्यासाठीच वेळ काढणे, तिने सहज सांगितलेले बारीकसारीक तपशील लक्षात ठेवणे, ही चिन्हे चहाच्या कपापेक्षा अधिक बोलकी असतात.

हाच प्रसंग उलटा करून पाहणे गरजेचे आहे. हाताखालची तरुणी वरिष्ठाची री ओढते आणि तो त्याचा भलताच अर्थ लावतो. अँटोनिया अॅबी यांनी १९८२मध्ये एका स्त्री-पुरुषाच्या पाच मिनिटांच्या संभाषणाचे लपून निरीक्षण करवले, तेव्हा पुरुषांना त्या स्त्रीच्या साध्या मैत्रीपूर्ण वागण्यातही अधिक लैंगिक सूचकता दिसली. कार्यालयातील अधिकाराची उतरंड त्यात मिसळली, की 'तीही तसेच बोलायची' हा बचाव तयार होतो. तो ग्राह्य धरण्याजोगा नाही, कारण तिच्यापुढे असहमतीचा पर्याय कितपत होता, हे कुणीच पाहिलेले नसते.

विवाहविषयक संकेतस्थळांवर तर छंदांची यादी आधीच छापलेली असते. ती वाचून 'मलाही हेच आवडते' असे म्हणायला अर्धे मिनिटही लागत नाही आणि फसवणूक करणाऱ्यांना हे चांगलेच ठाऊक असते. तेथे शंभर टक्के आवडी जुळल्या, तर आनंदाआधी तपशील विचारावेत : शेवटची मैफल कोणती ऐकली, कुणासोबत, कोणता राग लक्षात राहिला. खऱ्या रसिकाला अशा प्रश्नाला उत्तर देताना थांबवावे लागते.