वेबसाइट झाली, पुढे काय?

वेबसाइट बनवणारे, हिशेब ठेवणारे, फोटो काढणारे असे एकट्याने व्यवसाय करणारे बरेच जण सतत नवं गिऱ्हाईक शोधत असतात आणि जुनं हातचं जाऊ देतात. खरं तर महिन्याचं बांधलेलं काम बहुतेकदा जुन्या गिऱ्हाइकाकडेच असतं. फक्त ते मागायची वेळ आणि पद्धत चुकते.

समजा, पुण्यातल्या एका मुलीने गुहागरजवळच्या आठ खोल्यांच्या होमस्टेची वर्डप्रेसवरची वेबसाइट 45 हजारांत करून दिली. पैसे मिळाले, काम संपलं. मग व्हॉट्सअ‍ॅप सुरू होतं. ‘ताई, दिवाळीचे दर तेवढे बदलता का?’, ‘नवीन खोलीचे फोटो टाका ना.’ ती संकोचाने फुकट करून देते आणि तिसऱ्या महिन्यात फोन उचलायचं टाळू लागते. दोघांचंही नुकसान होतं.

पण पॅकेजमध्ये काय असावं हे याच निरोपांत लिहिलेलं असतं. पहिल्या दोन महिन्यांतली प्रत्येक मागणी आणि तिला लागलेला वेळ वहीत टिपून ठेवावा. या उदाहरणात दर आणि फोटो बदलायला महिन्याला दोन तास, बॅकअप घेऊन प्लगइन अपडेट करायला दीड तास, बुकिंगचा फॉर्म तपासायला अर्धा तास आणि बोलणं व अहवाल यांना एक तास, असे पाच तास निघतात. तासाला 800 रुपये धरले तर 4,000. बॅकअपची जागा वगैरेचे 500. एखादा महिना जड जातोच, म्हणून वर वीस टक्के. झाले 5,400, सांगायचे 5,500. मालकाच्या एका खोलीचं भाडं रात्रीला 2,800 असेल, तर ही रक्कम दोन रात्रींच्या भाड्याहूनही कमी आहे. बोलणं याच हिशेबाने करावं. मालकाला तुमच्या तासांशी काही देणंघेणं नसतं.

त्याला पटतं ते फॉर्मचं उदाहरण. एखाद्या अपडेटनंतर फॉर्म पाठवला की पाहुण्याला ‘धन्यवाद’ दिसतं, पण ईमेल मालकापर्यंत पोचतच नाही किंवा स्पॅममध्ये जाऊन पडतं. ऐन मे महिन्यात असं झालं, तर मालकाला वाटतं यंदा सीझनच थंड आहे. दर महिन्याला स्वतः फॉर्म भरून तो त्याच्या इनबॉक्समध्ये आला का हे पाहणं, एवढ्या एका कामासाठीही तो पैसे देईल.

हे बोलणं वेबसाइट सोपवतानाच करावं, शेवटच्या बिलासोबत. तेव्हा तो खूश असतो आणि विश्वास ताजा असतो. आधी तीन महिन्यांचा करार सुचवावा. वर्षाचं नाव काढलं की माणूस बिचकतो.

कागद एका पानाचा पुरे, पण हद्द स्पष्ट हवी. महिन्याला सहा बदल, प्रत्येक अर्ध्या तासापर्यंतचा. नवं पान किंवा नवी भाषा हवी असेल, तर वेगळं कोटेशन. न वापरलेले बदल फक्त पुढच्या महिन्यापर्यंत चालतील. पैसे पाच तारखेच्या आत, आगाऊ. करार थांबवायचा तर दोघांपैकी कुणीही महिनाभर आधी कळवायचं. डोमेन आणि होस्टिंग मात्र मालकाच्याच नावावर ठेवावं. पासवर्ड दाबून धरून टिकवलेलं गिऱ्हाईक हे गिऱ्हाईक नव्हे. तुमच्याकडे पेमेंट गेटवेचं खातं असेल, तर यूपीआय ऑटोपे लावून घ्यावं. 15,000 रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन टाकावा लागत नाही आणि दरमहा आठवण करून देण्याचा अवघडलेपणा टळतो.

करार मोडतो तो बहुधा शांत महिन्यात. कोकणात जुलैमध्ये पाहुणे नाहीत, मालकाकडून निरोप नाहीत, आणि ‘या महिन्यात तर काहीच केलं नाही’ असं त्याच्या मनात येतं. सलग दोन महिने त्याने काही मागितलं नाही, तर तो सुटण्याच्या बेतात आहे असं समजावं आणि स्वतः फोन करावा. पावसाळ्यातले फोटो, दिवाळीच्या दरांचं पान ही कामं तेव्हाच काढावीत. काय तपासलं, काय बदललं, फॉर्मवरून किती चौकश्या आल्या याच्या चार ओळी मात्र दर महिन्याला न चुकता पाठवाव्यात. उलट बाजूने, तीन महिने सलग पाचऐवजी आठ तास जात असतील तर मनातल्या मनात कुढू नये. वही दाखवून दर वाढवावा किंवा कामं कमी करावीत.

प्रत्येकाला हे पॅकेज गळ्यात मारू नये. ज्याच्या साइटवर वर्षभरात काहीच बदलत नाही, त्याच्याकडून वर्षाला एकदा देखभालीचे पैसे घ्यावेत, बस्स. पण ज्याचे निरोप तुमच्या फोनवर पुन्हा पुन्हा येत आहेत, त्याच्यासमोर हा एका पानाचा कागद याच महिन्यात ठेवा.