आहेराची वही संगणकावर: बेरीज जुळली म्हणजे झालं?

लग्नातल्या आहेराच्या वहीची बेरीज एकदा कळली की पुरते. वही पुन्हा उघडते ती देणाऱ्याच्या घरी कार्य निघालं की, आणि तेव्हा प्रश्न एकच असतो: त्यांनी आपल्याला काय घातलं होतं? म्हणून तक्ता रकमेच्या उतरत्या क्रमाने लावण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. क्रम आधी गावाचा, मग आडनावाचा हवा. सर्वांत मोठा आहेर कोणाचा, हे घरच्यांना बघायचंच असतं असं कोणी म्हणेल. बघावं, पण त्यासाठी तक्त्याची वेगळी प्रत करावी.

रकाने थोडेच पुरतात: पान, ओळ, गाव, नाव, रक्कम, वस्तू. साडी किंवा भांडं वस्तूच्याच रकान्यात राहू द्यावं. अंदाजाने किंमत लावली की बेरीज खोटी होते. खरी फसगत रकमेच्या रकान्यात आहे. समजा, एका पानावर ५०१/-, १०१, २५१, ११०० आणि २०१ अशा पाच नोंदी आहेत, आणि पानाखाली हाताने २१५४ लिहिलंय. वहीबरहुकूम 501/- टाइप केलं की ते आकडा न राहता मजकूर ठरतं, आणि देवनागरी १०१ चंही बहुधा तेच होतं. बाकीच्या तीन रकमा इंग्रजी अंकांत टाइप केल्या असतील, तर `=SUM(E2:E6)` मजकूर मुकाट्याने वगळतं आणि 1552 दाखवतं. फरक ६०२ चा, म्हणजे नेमक्या त्याच दोन नोंदी. असे आकडे सहसा रकान्याच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसतात. शंका असेल तर हे दोन आकडे ताडून पाहावेत:

```
=COUNT(E2:E6)
=COUNTA(E2:E6)
```

पहिलं सूत्र फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेली प्रत्येक चौकट. इथे 3 आणि 5 येतील.

मग पानोपानची बेरीज जुळली की काम संपलं का? नाही. नुसता नावांचा रकाना निवडून क्रम लावला, तर नावं हलतात आणि रकमा जागेवरच राहतात. वाईच्या शिंद्यांचे ११०० कराडच्या पाटलांच्या नावावर जातात आणि एकूण बेरीज मात्र रुपयानेही चुकत नाही. म्हणून क्रम लावताना सगळे रकाने एकत्र निवडावेत. नंतर पान आणि ओळ यांनुसार तक्ता पुन्हा वहीच्या क्रमात आणावा आणि अधूनमधून एखादी ओळ वहीशी ताडावी. पान-ओळीचे रकाने उगाच वाढवलेलं काम वाटतात, पण त्यांच्याशिवाय हा माग काढता येत नाही.

‘पाटील’ आणि ‘पाटिल’ संगणकाला दोन वेगळी घरं वाटतात; ‘लहान मामा’ म्हणजे कोण, ते त्याला ठाऊकच नसतं. अशा ओळींना पूर्ण नाव आणि गाव द्यायला घरातलं जाणतं माणूसच शेजारी बसवावं लागतं, आणि तेही क्रम लावण्याआधी.