एका बिलातल्या दोन सवलती

शाळा उघडायच्या आधी शालेय साहित्याच्या दुकानात वह्यांचा माल उतरतो. समजा, दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याकडून ४० रुपये छापील किमतीच्या ५०० वह्या घेतल्या. छापील किमतीने २०,००० रुपये झाले. व्यापाऱ्याने बिलातच वीस टक्के वजा करून खाली १६,००० चा आकडा टाकला. ही व्यापारी सूट. त्याच बिलाच्या तळाशी लिहिले होते: मुदत ३० दिवस, १० दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के सूट. ही रोख सूट. चेकने किंवा यूपीआयने पैसे दिले, तरी ती मिळतेच. अट फक्त मुदतीची आहे.

व्यापारी सूट हा भाव ठरण्याचाच भाग आहे. पैसे आज दिले काय किंवा महिन्याने दिले काय, ती मिळालेलीच असते. म्हणून ते ४,००० रुपये हिशेबाच्या वहीत कुठेच येत नाहीत. दुकानदार खरेदी खाते १६,००० ने नावे करतो आणि व्यापाऱ्याचे खाते तेवढ्यानेच जमा करतो. व्यापारीही विक्री १६,००० चीच लिहितो. काही जण विक्री २०,००० दाखवून ४,००० खर्चात टाकतात. त्याने नफा बदलत नाही, पण विक्रीचा आकडा उगाच फुगतो.

रोख सुटीचे तसे नाही. बिल करताना ती मिळणार की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. दुकानदाराने आठव्या दिवशी पैसे दिले, तर १६,००० वर दोन टक्के म्हणजे ३२० रुपये सुटतात आणि तो १५,६८० देतो. ही सूट २०,००० वर काढून ४०० धरणे ही नेहमीची चूक.

आता दुकानदाराच्या वहीत व्यापाऱ्याचे खाते पूर्ण १६,००० ने नावे होते. समोर बँक १५,६८० ने जमा आणि ‘मिळालेली सूट’ ३२० ने जमा. हे त्याचे उत्पन्न. व्यापाऱ्याकडे बँक १५,६८० ने नावे, ‘दिलेली सूट’ ३२० ने नावे आणि दुकानदाराचे खाते १६,००० ने जमा. त्याच्यासाठी ही सूट म्हणजे पैसा लवकर हाती यावा म्हणून केलेला खर्च. दोन्ही खाती वर्षअखेरीस नफा-तोटा पत्रकात जातात. एकाच धंद्यात दोन्ही असली, तरी त्यांची परस्पर वजाबाकी करू नये. एक गिऱ्हाइकांना दिलेली, दुसरी पुरवठादारांकडून आलेली. वजाबाकीत दोन्ही दिसेनाशा होतात.

बरेचदा घाईत फक्त १५,६८० ची नोंद होते आणि सूट लिहायची राहून जाते. मग व्यापाऱ्याच्या वहीत खाते चुकते झालेले असते, दुकानदाराच्या वहीत मात्र ३२० रुपये देणे दिसत राहते. मार्चअखेरीस खातेउतारे जुळवताना अशी छोटी, जुनी बाकी दिसली, की ती रक्कम बिलाच्या दोन टक्के भरते का, हे आधी पाहा.