नारळाचं दूध का फुटतं?



आपल्या एका श्रोत्या बहिणीनं चिठ्ठी पाठवली आहे. घरी पाहुणे यायचे होते म्हणून तिनं दोन नारळांचं दूध काढून पापलेटचं कालवण केलं. वाढायच्या आधी चांगली उकळी आणावी म्हणून गॅस मोठा केला, आणि पाच मिनिटांत कालवणाचं रूप पालटलं. वर तेल, खाली पाणी आणि मध्ये पांढऱ्या कण्या. सासूबाई म्हणाल्या, नारळ खराब निघाला. शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली. बिचारीनं सगळं कालवण ओतून दिलं आणि घाईघाईत डाळीची आमटी केली. ती विचारते, माझं काय चुकलं?

बाई, नारळ चांगला होता आणि दृष्टही लागली नव्हती. चूक एवढीच झाली की घट्ट दूध घातल्यावर कालवण खळखळ उकळलं.

आपण खोबरं वाटून पिळतो तेव्हा जे पांढरं दूध निघतं, ते म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक बारीक थेंब. एरवी तेल आणि पाणी मिसळत नाहीत. इथे ते एकत्र राहतात, कारण खोबऱ्यातली प्रथिनं प्रत्येक थेंबाभोवती पातळ वेष्टन घालून बसलेली असतात. त्या वेष्टनामुळे थेंब एकमेकांना चिकटत नाहीत.

ही प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी असतात, उष्णतेनं गोठणारी. दूध साधारण ८० अंशांच्या वर गेलं की ती आक्रसू लागतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. वेष्टन सुटलं की थेंब उघडे पडतात. त्यात उकळीचे बुडबुडे त्यांना एकमेकांवर आपटतात. मग लहान थेंबांचे मोठे थेंब होतात आणि तेल वर येतं. गाईम्हशीच्या दुधातली मुख्य प्रथिनं उकळी सोसतात, म्हणून ते दूध उतू जातं पण ताजं असेल तर फाटत नाही. नारळाच्या दुधाला तोच नियम लावला की फसगत होते.

केरळात हीच गोष्ट मुद्दाम करतात. नारळाचं दूध आटवून आटवून तेल वेगळं काढतात आणि ते तान्ह्या बाळांच्या अंगाला लावतात. आपल्या कालवणात नेमकं तेच नको असतं.

दुसरं कारण आंबट. आमसूल, चिंच, टोमॅटो, कैरी यांच्या आंबटपणानंही ही प्रथिनं गोळा होतात. आंबट आणि मोठी आच एकत्र आली की दूध हमखास फुटतं.

आता तेच कालवण पुन्हा करू. अर्धा किलो पापलेटच्या तुकड्या आणि एक मध्यम नारळ घ्या. किसलेलं खोबरं पाऊण वाटी कोमट पाण्यात वाटून पिळा. हे पहिलं, घट्ट दूध बाजूला ठेवा. त्याच चोथ्यात दीड वाटी पाणी घालून पुन्हा वाटा आणि पिळा. हे दुसरं, पातळ दूध. दोन्ही एकत्र करायची नाहीत. सगळी खुबी इथेच आहे. पातळ दुधात तेल कमी, म्हणून ते थोडी आच सोसतं. घट्ट दूध सोसत नाही.

चार-पाच आमसुलं अर्धी वाटी पाण्यात भिजत घाला. कांदा तेलावर परता. त्यात पाच-सहा ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, लसूण आणि हळद यांचं बारीक वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता. आता आमसुलं त्यांच्या पाण्यासकट आणि मीठ घाला आणि दोन-तीन मिनिटं हवं तेवढं उकळू द्या. जे काही खळखळून शिजायचं आहे ते आत्ताच शिजवून घ्या, आणि चव पाहून जास्तीची आमसुलं काढून टाका.

मग आच कमी करून पातळ दूध घाला. कडेला बारीक बुडबुडे येऊ लागले की मासा सोडा. झाकण पूर्ण लावू नका, आत वाफ कोंडली की नकळत उकळी फुटते. सहा-सात मिनिटांत मासा शिजतो.

आता गॅस बंद करा. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं थांबा. तुमचं भांडं मातीचं किंवा बिडाचं असेल तर आणखी थोडं थांबा, कारण ते गॅस बंद केल्यावरही उकळत राहतं. चूल असेल तर लाकडं मागे ओढा आणि भांडं वैलावर घ्या. घट्ट दुधात आधी एक पळी गरम रस्सा घालून ढवळा, म्हणजे दुधाला एकदम चटका बसत नाही. मग ते धारेनं कालवणात सोडा आणि भांडं हलवून मिसळा, म्हणजे तुकड्या मोडत नाहीत. नंतर मंद आचेवर फक्त वाफ येईपर्यंत ठेवा. पहिला बुडबुडा दिसला की उतरवा.

काही जणी विचारतात, एकाच दिशेनं ढवळायचं का? दिशेनं काही फरक पडत नाही. ढवळल्यानं तळ जास्त तापत नाही, एवढाच त्याचा उपयोग. मासा नसलेल्या भाजीत मात्र सावकाश ढवळत राहा. आणखी आधार हवा असेल तर घट्ट दुधात चमचाभर तांदळाचं पीठ कालवा. रस्सा दाटसर झाला की थेंब सहज एकत्र येत नाहीत. मात्र पिठाचा कच्चा वास जायला दोन-तीन मिनिटं मंद आच द्या. पाकिटातल्या काही दुधांत असाच दाटपणा देणारा पदार्थ घातलेला असतो, म्हणून ती जरा जास्त आच सोसतात.

आणि फुटलंच तर? ओतून देऊ नका. ताज्या दुधाचं कालवण आचेनं फुटलं असेल तर ते खायला चांगलं असतं, फक्त दिसायला आणि जिभेला कणीदार लागतं. लगेच उतरवा, माशाच्या तुकड्या बाजूला काढा, रस्सा कोमट झाल्यावर मिक्सरमधून फिरवा आणि पुन्हा उकळू नका. दूध मात्र कालवणात घालण्याआधीच आंबूस वास देत असेल, त्याला फेस किंवा तार येत असेल, तर ते नासलेलं आहे. ते वापरू नका. नुसतं ठेवलेल्या दुधावर साय वर आणि पाणी खाली दिसलं तर घाबरू नका, ढवळलं की एक होतं.

वर थोडं लाल तेल दिसलं आणि खालचा रस्सा गुळगुळीत असला, तर ती तर्री आहे, ती हवीच. पांढऱ्या कण्या आणि खाली नितळ पाणी दिसलं तरच दूध फुटलं समजा.

संध्याकाळसाठी कालवण ठेवायचं असेल तर तेवढा भाग घट्ट दूध न घालता काढून दोन्ही फ्रिजमध्ये ठेवा. वाढायच्या वेळी कालवण नीट उकळा, उतरवा आणि मग दूध घाला. एकदा दूध घातलेलं कालवण उरलं तर तेही कडकडीत गरम करूनच खा. थोडं फुटलं तरी चालेल, पण मासा अर्धवट गरम केलेला नको.

चिठ्ठी पाठवणाऱ्या ताई, पुढच्या वेळी पाहुणे आले की हेच कालवण करा. नमस्कार.