एका यंत्रात दोन तेलं

गाड्या धुण्याच्या पेट्रोल प्रेशर वॉशरमध्ये तेलाच्या दोन टाक्या असतात, हे अनेक वॉशिंग सेंटरवाल्यांना पंप उघडायची वेळ आल्यावरच कळतं. एक तेल इंजिनाचं, दुसरं पंपाचं. दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी खराब होतात.

इंजिनातल्या तेलाचा शत्रू उष्णता आणि काजळी. अशा यंत्रावर नेहमी दिसणारं होंडाचं जीएक्स २०० इंजिन घ्या. त्यात तेल मावतं जेमतेम ०.६ लिटर आणि गाळायला फिल्टरही नसतो. त्यामुळे सगळी घाण त्या थोड्याशा तेलातच फिरत राहते. कंपनी पहिलं तेल २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, बदलायला सांगते. घरी अधूनमधून अंगण धुणाऱ्याला सहा महिन्यांचा आकडा पुरतो. पण रोज ८ तास यंत्र चालवणाऱ्याचे १०० तास तेराव्या दिवशीच भरतात! म्हणून कॅलेंडर बाजूला ठेवून तासांची नोंद करणारं साधं मीटर इंजिनाला लावलेलं बरं. तेल साधारणपणे १०डब्ल्यू-३० वापरतात. कडक उन्हाळ्यात दिवसभर चालणाऱ्या इंजिनात ते जास्त खर्ची पडू शकतं, तेव्हा पातळी रोज सकाळी, यंत्र सपाट जागेवर ठेवून पाहावी.

पंपाचं गणित निराळं. तिथे काही जळत नाही, त्यामुळे काजळीही नाही. प्लंजर पंपांचे बरेच उत्पादक पहिलं तेल ५० तासांनी आणि पुढे ५०० तासांनी बदलायला सांगतात. नेमका आकडा त्या पंपाच्या पुस्तिकेत पाहावा. इथला खरा शत्रू पाणी. म्हणूनच पंपासाठी बहुधा डिटर्जंट नसलेलं ३० नंबरचं तेल सांगतात. इंजिन ऑइलमधली डिटर्जंट द्रव्यं घाण तेलातच तरंगत ठेवतात. इंजिनात तो गुण, पण पंपात शिरलेलं पाणीही ती तसंच तेलात मिसळून धरतात.

पाणी शिरल्याची खूण डोळ्यांना दिसते: पंपाच्या काचेतलं तेल दूध घातलेल्या चहासारखं होतं. याचं मूळ अनेकदा कामाच्या सवयीत असतं. पोऱ्या गनचा खटका सोडून शॅम्पू चोळायला लागतो आणि इंजिन मात्र चालूच राहतं. पाणी बाहेर पडत नाही, पंपातच गोल फिरून तापतं आणि सील कडक होतात. मग पंपाच्या खालून थेंब पडू लागतात.

अशा वेळी आधी तेल बदलून पाहावं, कारण थोडं पाणी दमट हवेमुळेही साचू शकतं. नवं तेल दोन-चार दिवसांत पुन्हा दुधाळ झालं, तर सील गेलेत असं समजावं. तेव्हा सील किट बदलून घ्यावं. तसंच रेटत राहिलं तर बेअरिंगला गंज चढतो आणि बिल कित्येक पटींनी वाढतं. खटका मिनिट-दोन मिनिटांहून जास्त वेळ सुटणार असेल, तर इंजिन सरळ बंद करावं.