अडकलेली डिस्क आणि ड्राइव्हवरचे छोटे छिद्र

संगणकाच्या सीडी किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या दर्शनी पट्टीवर, ट्रेच्या दाराखाली किंवा उघडबंद करण्याच्या बटणाशेजारी, टाचणीच्या डोक्याएवढे एक छिद्र असते. त्याच्यापाशी बहुधा काहीच लिहिलेले नसते, त्यामुळे वर्षानुवर्षे ते कुणाच्या लक्षातही येत नाही. बटण दाबूनही ट्रे बाहेर येत नसेल, तेव्हा आतली डिस्क हाताने काढता यावी म्हणून ते ठेवलेले असते. छिद्राच्या आत एखादे छुपे बटण असावे असा समज सर्रास आढळतो, पण डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये तिथे विजेचे काहीच नसते. छिद्रातून घातलेली तार मोटरचे काम स्वतः करते. ते काम नेमके काय आहे हे कळले, की तार किती आत घालायची, किती जोर लावायचा आणि कुठे थांबायचे हे वेगळे सांगावे लागत नाही.

डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये बसवलेल्या जाड ड्राइव्हमध्ये ट्रे आत गेला की आणखी एक हालचाल होते, ती बाहेरून दिसत नाही. डिस्क फिरवणारी छोटी मोटर आणि लेझरची भिंग एका चौकटीवर बसवलेली असतात. ट्रे पूर्ण आत आल्यावर ही चौकट खालून वर उचलली जाते, मोटरची चकती डिस्कच्या मधल्या भोकात शिरते आणि वरच्या बाजूची एक गोल टोपी चुंबकाच्या ओढीने डिस्कला घट्ट धरते. डिस्क ट्रेवरून किंचित उचलली जाते आणि मोकळी फिरू शकते. ट्रे उघडताना हे सगळे उलट क्रमाने होते. आधी चौकट खाली उतरते, चुंबकाची पकड सुटते, डिस्क पुन्हा ट्रेच्या खोबणीत बसते आणि त्यानंतरच ट्रे पुढे सरकतो.

या दोन्ही हालचाली एकाच मोटरवर चालतात. मोटरवरून एक बारीक रबरी पट्टा जातो, पट्टा दातेरी चाके फिरवतो आणि ती चाके दर्शनी पट्टीच्या लगेच मागे असलेली प्लॅस्टिकची एक सरकपट्टी डावीउजवीकडे नेतात. सरकपट्टीला तिरक्या खाचा असतात आणि चौकटीचे खुंट त्या खाचांत अडकवलेले असतात. त्यामुळे पट्टी आडवी सरकली की चौकट खाली किंवा वर होते. पट्टी आपल्या शेवटच्या टोकाला पोचली की ती ट्रेला थोडासा पुढे ढकलते, ट्रेखालचे दाते चाकात अडकतात आणि ट्रे बाहेर निघतो. आणीबाणीचे छिद्र या सरकपट्टीच्या समोर असते. तार आत गेली की तिचे टोक पट्टीच्या उतरत्या कडेवर टेकते आणि पट्टीला बाजूला सरकवते. म्हणूनच तारेने ट्रे पूर्ण उघडत नाही. तो काही मिलिमीटर, फार तर एखादा सेंटिमीटर पुढे येतो आणि उरलेला बोटांनी ओढावा लागतो.

तार हातात घेण्याआधी ट्रे का अडला आहे हे पाहावे, कारण बऱ्याचदा ड्राइव्ह बिघडलेलाच नसतो. डिस्कवरची फाइल उघडी असेल किंवा एखादा प्रोग्रॅम ती वाचत असेल, तर संगणक ड्राइव्हला ट्रे न उघडण्याची आज्ञा देऊन ठेवतो. अशा वेळी बटण दाबले तरी आतून आवाज येत नाही, मात्र दिवा लुकलुकतो. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या चिन्हावर उजवे क्लिक करून Eject निवडल्यास ट्रे निघतो. लिनक्समध्ये बटणावरचे कुलूप काढून ट्रे उघडण्यासाठी पुढच्या दोन ओळी पुरतात:

```
sudo eject -i off /dev/sr0
eject /dev/sr0
```

याहून सोपा उपाय म्हणजे संगणक पुन्हा सुरू करायचा आणि पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह दिसत असतानाच ड्राइव्हचे बटण दाबायचे. त्या क्षणी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झालेली नसते, त्यामुळे कुलूपही नसते.

बटण दाबल्यावर आतून मोटर गुणगुणल्याचा आवाज येतो पण ट्रे हलत नाही, तेव्हा कारण बहुधा रबरी पट्टा असतो. वर्षे गेली की तो सैल पडतो किंवा त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, आणि चाकावरून घसरतो. चुंबकाची पकड सोडवणे हे सगळ्यात जोराचे काम, म्हणून थकलेला पट्टा नेमका तिथेच हार मानतो. टकटक किंवा करकर असा अडखळता आवाज येत असेल तर ट्रे कशात तरी अडकला आहे असे समजावे. दिवाच लागत नसेल तर ड्राइव्हपर्यंत वीज पोचत नाही. पट्टा घसरणे आणि वीज नसणे या दोन प्रसंगी छिद्राचा उपयोग हमखास होतो. अडखळत्या आवाजाच्या प्रसंगी मात्र जपून पावले टाकावी लागतात.

एमआरआयचे चित्रण आजही अनेक तपासणी केंद्रे सीडीवर देतात. समजा, ती सीडी घरच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये पाहून झाली, बटण दाबल्यावर मोटर गुणगुणते पण ट्रे येत नाही, आणि सीडी सकाळी डॉक्टरांना दाखवायची आहे. पहिले काम म्हणजे संगणक रीतसर बंद करून भिंतीवरचा स्विचही बंद करणे. यामागे ठोस कारण आहे. वेगवान ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेऱ्या घेऊ शकते. डिस्क फिरत असतानाच तारेने चौकट खाली उतरवली, तर फिरती डिस्क ट्रेवर घासते आणि तिच्यावर गोल ओरखडे उमटतात. वीज बंद करून मिनिटभर थांबले की डिस्क थांबलेली असते.

तारेसाठी कागदांना लावायची मध्यम आकाराची यू-पिन उत्तम. तिचा बाहेरचा वाक पूर्ण सरळ करून पाच-सहा सेंटिमीटरची ताठ दांडी मिळवावी. पक्कड असेल तर टोकाजवळचा बाक तिनेच काढावा, कारण वाकडे टोक छिद्रातच अडते. टाचणी आखूड पडते. शिवणाची सुई टोकदार असल्याने पट्टीवर टेकण्याऐवजी तिच्या बाजूने निसटते. दात कोरायची काडी आत मोडते, आणि मग छिद्रच बुजते. मोबाइलचे सिमकार्ड काढायची पिनही डेस्कटॉपच्या ड्राइव्हला सहसा पुरत नाही.

कॅबिनेटच्या दर्शनी भागावर ड्राइव्हला झाकणारे दार असेल तर ते आधी उघडावे. काही जुन्या ड्राइव्हवर हेडफोनचे भोकही असते, पण ते चांगले मोठे असते. तार त्यात घालू नये. खरे छिद्र दिसले की तार त्यात अगदी आडवी, जमिनीला समांतर धरून सरळ आत सरकवावी. सुरुवातीला काहीच अडत नाही. दोन-चार सेंटिमीटर आत गेल्यावर तार कशाला तरी टेकते, आणि त्या क्षणी लागणारा अडथळा कडक नसून थोडा लवचीक असतो. तोच सरकपट्टीचा स्पर्श. इथून पुढे धक्का न देता सावकाश, सलग दाब वाढवत न्यावा. चुंबकाची पकड सुटताना बोटांना हलका झटका जाणवतो, आतून डिस्क ट्रेवर बसल्याचा छोटा आवाज येतो आणि ट्रेचे दार किंचित फाकते. तार काढून घ्यावी, ट्रेची कड दोन्ही बाजूंनी नखांत धरावी आणि ओढावी. ओढताना घर्र असा आवाज येतो आणि ट्रे जड लागतो, ते साहजिक आहे. दातेरी चाके आणि मोटर उलट्या दिशेने फिरवण्याचे काम आता हात करत असतो.

लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हची रचना वेगळी आहे. तिथे डिस्क मधल्या चकतीवर बोटाने दाबून बसवलेली असते, चौकट वरखाली होत नाही आणि ट्रेला मोटर नसते. ट्रे स्प्रिंगने पुढे ढकललेला असतो आणि एक छोटी कडी त्याला धरून ठेवते. छिद्रातली तार ती कडी सोडवते. त्यामुळे इथे जोर फारसा लागत नाही, टक असा आवाज होतो आणि ट्रे उडी मारल्यासारखा पुढे येतो. जोर लावावा लागत असेल तर तार चुकीच्या जागी टेकली आहे हे निश्चित. मॅकबुकच्या ट्रे नसलेल्या, फटीत डिस्क सरकवायच्या ड्राइव्हला असे छिद्रच नसते. इंटेलचा प्रोसेसर असलेल्या मॅकवर सुरू होताना ट्रॅकपॅडचे बटण दाबून धरले की डिस्क बाहेर येते.

तार सेंटिमीटरभर जाऊन एकदम टणक वस्तूवर आदळली, तर ती पट्टीवर नाही. ती बाहेर काढून कोन किंचित बदलून पुन्हा घालावी. तिथेच जोर केल्यास प्लॅस्टिकचा तुकडा मोडतो. उलट तार सबंध आत गेली आणि कशालाच टेकली नाही, तर ती पट्टीच्या वर किंवा खाली निसटली आहे.

सर्वांत जपायचा प्रसंग म्हणजे ट्रे दोन-तीन मिलिमीटर येऊन थांबणे. याचा अर्थ तारेने आपले काम केले, पण डिस्क खोबणीत बसलेली नाही. ती तिरकी होऊन ड्राइव्हच्या छताला टेकली असेल, चुकून दोन डिस्क एकावर एक ठेवल्या असतील किंवा डिस्कवर चिकटवलेला कागद सुटून आत गुंडाळला गेला असेल. इथे ओढाताण केली तर डिस्कवर चरे पडतात किंवा ट्रेचे दाते तुटतात. ट्रे पुन्हा आत ढकलावा, ड्राइव्ह कॅबिनेटमधून काढून आडवा धरावा, हळूच हलवावा आणि तार पुन्हा घालावी. हलवताना आत तुकडे खुळखुळले तर डिस्क फुटली आहे, आणि मग छिद्राचा नाद सोडलेलाच बरा. जाड ड्राइव्हच्या खालच्या पत्र्याला बहुधा चार छोटे स्क्रू असतात. वीज आणि केबल काढून ते सोडवले की पत्रा निघतो आणि अडकलेली वस्तू डोळ्यांसमोर येते. लेझरच्या भिंगाला बोट लावू नये.

डिस्क हाती आल्यावर रिकामा ट्रे आत ढकलावा, संगणक सुरू करावा आणि बटण दाबून पाहावे. ट्रे लगेच उघडला तर दोष त्या डिस्कचा किंवा ती ठेवण्याचा होता. मोटर गुणगुणून ट्रे पुन्हा अडला, तर पट्टा गेला आहे. पट्टा काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने तो आणि त्याची चाके पुसली तर काही काळ काम चालते. त्याच मापाचा नवा पट्टा बसवला तर ड्राइव्ह पूर्ववत होतो. तोवर त्या ड्राइव्हमध्ये दुसरी प्रत नसलेली डिस्क ठेवू नये.